हे तुझ्या-माझ्यातच ठेव

मी वॉर्ड ऑफिसात आवक-जावकला होते. एकतीस वर्षं. कुठलाही कागद आला की त्यावर शिक्का, नंबर, आणि ज्याचा त्याच्या टेबलावर. लाखेचा ठिपका लावलेलं ‘गोपनीय’ पाकीट आलं तर ते मी शिपायाच्या हातातसुद्धा देत नसे. स्वतः उठायचे, साहेबांच्या केबिनमध्ये जायचे, हातात द्यायचे, सही घ्यायचे. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक पाकीट चुकीच्या टेबलावर गेलं नाही. निरोप समारंभात साहेबांनी हे भाषणात सांगितलं तेव्हा मी पदरानं डोळे पुसले होते. काय तो माज! त्याच बाईनं आयुष्यातलं सगळ्यात गोपनीय पाकीट एकशे चाळीस माणसांच्या मधोमध उघडून ठेवलं. तेही दुपारी सव्वातीनला, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत.

आमची लालबागची चाळ पडून टॉवर झाला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काही जण टॉवरच्या मागच्या बिल्डिंगीत आले, त्यात मी. बाकीचे विरार, डोंबिवली, बदलापूर, कुणी वडाळ्याला लेकीकडे, कुणी शीवला भाड्यानं. माणसं पांगली ती पुन्हा एका जागी आली फोनवर. दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, ‘आपली चाळ’. तो डोंबिवलीला असतो, ग्रुपचा अ‍ॅडमिन तोच. वयानं माझ्याहून लहान, मला ताई म्हणतो. ग्रुपवर तेच सगळं होतं जे चाळीच्या गॅलरीत व्हायचं. कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाचा गुडघा, गणपतीची वर्गणी, आणि सकाळी सहाला काकांचं फूल.

काका म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतले. मालवणकडचे. गिरणीत कापड खात्यात होते. मयताची तयारी असो, लग्नाचा मांडव असो, चाळीत पहिला हात त्यांचा. आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत, वडाळ्याला लेकीकडे असतात. रोज सकाळी ग्रुपवर एक गुलाब, खाली ‘शुभ सकाळ, सर्वांचे कल्याण असो’. एक दिवस गुलाब आला नाही तर सात जण विचारायचे, काका बरे आहेत ना?

त्या बुधवारी अ‍ॅडमिननं ग्रुपवर लिहिलं की रविवारी परळच्या हॉलमध्ये आपल्या चाळीतल्या जुन्या गिरणी कामगारांचा सत्कार करायचा. संपात जे शेवटपर्यंत उभे राहिले त्यांचा. शाल आणि नारळ. पहिला मान काकांचा, कारण हयात असलेल्यांत तेच सगळ्यात मोठे. लगेच पंचवीस-तीस हात जोडलेले, फुलं, ‘काका झिंदाबाद’. तेवढ्यात विरारच्या एकाला खाज सुटली. शहाणा म्हणतो, “आपल्या चाळीत फुटला तो एकच. बांगड्या विसरलात काय?” आणि पुढे हसण्याचे तीन चेहरे.

हे मला खुलासा करून सांगायला पाहिजे. संप चालू होता तेव्हा काही गिरण्यांचे मालक जमेल तेवढे कामगार आत घ्यायचे. बंद ट्रकमधून, पोलिसांच्या पहाऱ्यात. जो आत गेला तो फुटीर. आणि फुटीर ठरला की त्याच्या दारात बायका बांगड्यांचा आहेर ठेवायच्या. हिरव्या काचेच्या बांगड्या, हळद-कुंकू, ताटात. भर आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ते ताट एका दारात ठेवलं गेलं होतं. ते दार माझ्या मैत्रिणीचं होतं.

तिचे बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, हाताला एवढी कला की त्यांच्या साच्यावरचा धागा तुटत नाही म्हणायचे. संपाच्या दिवसांत ते पहाटे अंधारात घरातून निघायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत कुठे जातात. झालं, माणसं दोन आणि दोन पाच करायला बसलेलीच असतात. प्रत्यक्षात ते रे रोडच्या लाकडाच्या वखारीत हमाली करत होते. ओंडके उचलायचे. एवढा कसबी माणूस, हमाली करतो हे सांगायची लाज वाटली. बांगड्या दारात आल्या तेव्हासुद्धा बोलले नाहीत. नुसते उभे राहिले. मग आत जाऊन दार लावून घेतलं. तिच्या आईनं ते ताट उचललं आणि बांगड्या बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवल्या. त्या कधी फेकल्या नाहीत.

हे मला कसं माहीत? वखारीत मी त्यांना पहाटे बघितलं होतं, आणि ताट आलं तेव्हा मी समोरच्या दारात उभी होते.

आणि खरा कोण गेला तेही मला माहीत होतं. संपात आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, घरी बसले तसं आईनं मासळी विकायला सुरुवात केली होती. भाऊच्या धक्क्यावरून पाटी भरून आणायची आणि लालबागला बसायची. पहाटे मी बरोबर असायचे. तेव्हा चौदा वर्षांची होते. एका पहाटे आई पुढे झपाझप चालत होती, मी मागे राहिले. रे रोडच्या पुलाच्या अलीकडे एक बंद ट्रक उभा होता, दोन पोलीस, आणि मागून माणसं आत चढत होती. डोक्यावर टॉवेल घेऊन. त्यातल्या एकाचा टॉवेल सरकला. काका. आमचे काका! माझी आणि त्यांची नजरानजर झाली. त्यांनी चढलेला पाय खाली घेतला, माझ्याकडे आले, आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून म्हणाले, “बाय, कोणाक सांगू नको गो. माझी शपथ आसा तुका.” मी मान हलवली. आई पुढून ओरडली, “मेले पोरी, चाल की!” आणि मी पळाले.

त्यानंतर आठवड्याभरात बांगड्यांचं ताट निघालं. माझी आई त्या बायकांत होती. काका आपल्या दारात उभे होते, मी माझ्या. समोर मैत्रिणीचं बंद दार. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. शपथ घातली होती ना! चौदा वर्षांच्या पोरीला वाटतं शपथ मोडली तर माणूस मरतो.

पण मी चौदाचीच राहिले का? पंचविशीत होते तेव्हाही गप्प. मैत्रिणीचे बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसून रडले, तेव्हाही गप्प. मैत्रीण नि मी एका ताटात जेवलेल्या, तिच्या लग्नात करवली मी, आणि हे एवढं तिला सांगितलं नाही. विषय निघाला नाही, असं मी स्वतःला सांगायचे. खोटं. विषय कधी निघणार नाही याची मी काळजी घ्यायचे.

तर विरारच्या शहाण्याचा मेसेज आला. मग माझ्या मैत्रिणीचा मेसेज आला. ती ग्रुपवर कधी लिहीत नाही. लिहिलं होतं:

“माझे बाबा आत गेले नव्हते. कुणाला खरं माहीत असेल तर सांगा. आई आता फार दिवसांची नाही. तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं आहे.”

तिची आई शीवला तिच्याकडेच असते. वर्षभर अंथरुणाला खिळलेली. डोकं मात्र चांगलं चालतं.

मी तो मेसेज दोनदा वाचला. आता नाही सांगितलं तर कधी? म्हातारी गेल्यावर कुणाला सांगणार, फोटोला? उठून शीवला जायला पाहिजे होतं. तासाभराचा रस्तासुद्धा नाही. पण त्या खाटेशी बसून त्या बाईच्या डोळ्यांत बघून सांगायची माझी हिंमत नव्हती. खरं सांगते, भेकड आहे मी. लिहिणं सोपं वाटलं.

पण ग्रुपवर लिहायचं नव्हतं. ग्रुपवर काका होते. सकाळी गुलाब टाकून ते दिवसभर पडल्या पडल्या सगळं वाचतात, सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी त्यांच्या खांद्यावर शाल पडायची होती.

ग्रुपातल्या एकाच माणसाला गुपचूप उत्तर कसं द्यायचं, हे माझ्या लेकीनं मला शिकवलं होतं. ती बँकेत आहे, मला फोनमधलं सगळं तिनंच शिकवलंय, ओरडून ओरडून. ज्याचा मेसेज आहे त्याच्यावर बोट दाबून धरायचं. वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात ती दाबायची. यादी उघडते, त्यात ‘रिप्लाय प्रायव्हेटली’. ते दाबलं की ग्रुप सुटतो आणि त्या एकट्या माणसाची खिडकी उघडते. त्याचा ग्रुपातला मेसेज खाली चौकटीत आलेला असतो, म्हणजे त्याला कळतं आपण कशाबद्दल बोलतोय. तू लिहिशील ते फक्त त्याला. “लक्षात ठेव आई, वर नाव बघ. वर माणसाचं नाव असेल तर माणसाला, ग्रुपचं नाव असेल तर सगळ्या गावाला.” एवढं सांगितलं होतं पोरीनं. एवढं!

मी तसंच केलं. अगदी बरोबर. बोट दाबून धरलं, टिंबं, प्रायव्हेटली. मैत्रिणीची खिडकी उघडली, तिचा मेसेज चौकटीत, चौकटीत ‘आपली चाळ’ असंही आलं होतं. मी लिहायला लागले. जेमतेम एक ओळ झाली आणि दाराची बेल वाजली. गॅसवाला. सिलिंडर घेतला, त्याच्याशी वजनावरून वाद घातला, पाणी दिलं. परत येऊन बसले तर फोन काळा झालेला. उघडला. समोर व्हॉट्सअ‍ॅपची यादी, आणि सगळ्यात वर ‘आपली चाळ’, कारण तेवढ्यात कुणीतरी तिथे हात जोडले होते. मी तेच उघडलं. मैत्रिणीचा मेसेज समोरच होता. माझं लिहिलेलं कुठे गेलं? गेलं असेल, म्हटलं, या फोनचा काय भरवसा. तिच्या मेसेजवर बोट ठेवलं, ते जरा बाजूला सरकलं, आणि खाली चौकट आली. तिचं नाव, तिचा मेसेज. झालं, म्हटलं, आलं परत. तीच चौकट. वर बघायचं राहिलं.

मेसेजवर बोट बाजूला सरकवलं की तेही उत्तरच असतं. पण ग्रुपातलं. चौकट तशीच दिसते. हे मला दहा मिनिटांनी कळलं.

मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. नीट, शुद्धलेखन बघून, ऑफिसात लिहायचे तसं:

“तुझे बाबा गेले नव्हते गो. ते वखारीत जायचे. आत काका गेले होते, मी रे रोडला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. काकांनी शपथ घातली होती म्हणून बोलले नाही. आईला सांग. पण हे तुझ्या-माझ्यातच ठेव, रविवारी त्यांचा सत्कार आहे.”

आणि पाठवलं. हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन-तीन मिनिटं इतकं हलकं वाटलं की चहा ठेवला.

चहा उतू गेला. फोनवर टिंग वाजलं. विरारच्या शहाण्याचं नुसतं एक प्रश्नचिन्ह. ग्रुपवर. माझ्या मेसेजखाली.

वर बघितलं. ‘आपली चाळ’. एकशे चाळीस माणसं. आणि माझ्या हातानं लिहिलेलं, ‘हे तुझ्या-माझ्यातच ठेव’.

पुसायचं! लेकीनं तेही शिकवलं होतं. मेसेजवर बोट दाबून धरलं, वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं, दाबलं. खाली तीन ओळी आल्या. घाईत मी धड वाचलंच नाही. ‘डिलीट’ दिसलं आणि दाबलं. मेसेज गेला! समोरून पूर्ण गेला. खाली एक पट्टी आली, त्यावर काहीतरी लिहिलं होतं, ती दोन-चार सेकंदांत गेलीही. मी देवाला हात जोडले.

मग बदलापूरच्या एका वहिनीचा फोन. “अगो, हे काय लिवलंस गो?” म्हटलं, दिसतंय अजून? म्हणाली, “दिसताय म्हणजे? आमी सगळे वाचताव.”

लेकीला फोन लावला. बँकेत होती, कुजबुजत बोलत होती. “आई, तू ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबलंस की ‘डिलीट फॉर मी’?” मी म्हटलं, मला काय माहीत, डिलीट ते डिलीट! मग म्हणाली, “तू फक्त तुझ्याकडून पुसलंस गं. बाकी सगळ्यांकडे आहे. खाली पट्टी आली होती ना, ‘अनडू’ची? ती लगेच दाबली असतीस तर परत आला असता, मग सगळ्यांसाठी पुसता आला असता. आता तुझ्याकडे तो मेसेजच नाही, तर तू काय पुसणार?” मी विचारलं, काकांनी वाचलाय का एवढं तरी बघता येईल ना? “नाही. मेसेज असता तर कोणी वाचला ते दिसलं असतं. आता तेही नाही. अ‍ॅडमिनला फोन कर. अ‍ॅडमिन कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो.”

अ‍ॅडमिनला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत. परत. तो एका कारखान्यात सुपरवायझर आहे, ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये ठेवतात. मी त्याच्या बायकोला लावला, ती म्हणाली साडेपाचला सुटतील. घड्याळात पावणेचार. पावणेदोन तास ती पाटी तिथे लटकत राहणार, आणि मला ती दिसतसुद्धा नाही. माझाच मेसेज सगळं जग वाचत होतं, आणि माझ्यापुरता तो नव्हताच. मी त्या ग्रुपकडे बघत बसले. कुणी काही लिहीत नव्हतं. चाळीत भांडण झालं की सगळे गॅलरीत येतात, बोलतात, निदान शिव्या तरी घालतात. इथे चिडीचूप. एकशे चाळीस माणसं दाराआडून बघतायत असं वाटत होतं.

काकांना फोन करावा? काय बोलू? वाचू नका? त्यांनी वाचलं नसेल तर माझ्या फोननंच वाचतील. वडाळ्याला धावत जाऊ? जाऊन म्हाताऱ्याच्या हातातून फोन ओढून घेऊ? चप्पल घातली, काढली. पुन्हा घातली. इतकी असहाय मी माझा नवरा गेला तेव्हाही नव्हते. तेव्हा निदान करायला कामं होती.

पावणेपाचला टिंग झालं. माझ्या एकटीला. काका.

वर त्यांचं नाव होतं. चौकटीत माझा मेसेज होता, माझ्याकडून पुसला गेलेला तोच, शब्द न् शब्द. चौकटीत ‘आपली चाळ’. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसानं, चष्म्याच्या आडून, बोट दाबून धरून, तीन टिंबं दाबून मला बरोबर गुपचूप उत्तर दिलं होतं. त्यांची चूक झाली नव्हती. खाली एवढंच होतं:

“बाय, बरा केलंस. माझ्याच्यान झाला नाय.”

मी मोठ्यानं रडले. शेजारीण धावत आली, म्हणाली कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, जा तू.

साडेपाचला अ‍ॅडमिननं मेसेज काढला. “काढला ताई,” म्हणाला, “पण तिथे ‘अ‍ॅडमिनने काढला’ असं लिहून येतं. आणि ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यातून मी कसा काढू?” त्याचं काही चुकलं नव्हतं. रविवारचं काय करायचं, त्यानं विचारलं. म्हटलं, ते तूच ठरव.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाब आला नाही. कुणी विचारलंही नाही, काका बरे आहेत ना. सकाळी साडेआठला वडाळ्याहून काकांच्या लेकीचा फोन. संपाच्या वेळी सहा वर्षांची होती ती, आणि टायफॉइडनं इस्पितळात होती, म्हणूनच काका त्या ट्रकमध्ये चढले होते. हे तिला आदल्या रात्रीच कळलं होतं, बापाकडून. ती माझ्यावर किंचाळत होती. “चाळीस वर्षं गप्प होतीस ना? मग अजून चार दिवस राहायचं होतं! मेल्यावर सांगायचं होतं! आता जेवत नाहीत ते, भिंतीकडे तोंड करून पडलेत!” मी मधेच म्हणाले, “बाय, मला त्यांच्याशी बोलू दे,” तर तिनं फोन आपटला.

रविवारी काका आले नाहीत. हॉलमध्ये पहिली खुर्ची रिकामी होती. प्रकृतीच्या कारणानं असं माइकवरून सांगितलं, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण सगळ्यांना कारण माहीत होतं. विरारचा शहाणा दुसऱ्या रांगेत बसून समोसा खात होता. त्याच्याकडे बघून मला इतका संताप आला की उठून त्याच्या श्रीमुखात भडकवावी. पण त्यानं काय केलं होतं? त्यानं नुसती चेष्टा केली. बाकीचं मीच केलं होतं, आणि ज्याला फुटीर ठरवलं त्याच्याबद्दल चाळीस वर्षं मीच गप्प राहिले होते.

माझी मैत्रीण आली नव्हती. बुधवारपासून तिचा मला एक शब्द नव्हता. मी तिला दोनदा फोन केला, उचलला नाही. तिची खिडकी उघडली तर माझं ते अर्धवट लिहिलेलं तिथे जसंच्या तसं पडलं होतं. ‘ड्राफ्ट’. “तुझे बाबा गेले नव्हते गो. ते” इतकंच. गॅसवाल्याची बेल वाजली तिथे तुटलेलं. कुठेही गेलं नव्हतं. फक्त मी योग्य दाराशी परत गेले नव्हते. मी ते पुसलं.

सोमवारी दुपारी तिचा मेसेज आला. फक्त मला. चौकटीत माझा तोच मेसेज होता. तिनंही बुधवारीच, अ‍ॅडमिननं मेसेज काढायच्या आधी, बोट दाबून धरलं असणार, ‘प्रायव्हेटली’ दाबलं असणार, आणि पाच दिवस लिहायचं की नाही यात घालवले असणार. लिहिलं होतं:

“आईला वाचून दाखवलं. रडली नाही. बांगड्यांचा डबा मागितला, उशाशी ठेवून घेतला. मग एकच विचारलं. ही पोर तेव्हा समोरच्या दारात उभी होती ना?”

मी पुष्कळ वेळ तो मेसेज वाचत बसले. सांगण्यासारखं खूप होतं. शपथ होती. मी लहान होते. माझी आई त्या बायकांत होती. काका म्हणजे बापाच्या जागी. सगळं लिहून बघितलं, सगळं पुसलं.

मग वर बघितलं. तिचंच नाव आहे ना, ग्रुपचं नाही ना, तीनदा बघितलं.

“हो,” लिहिलं आणि पाठवलं.

दोन खुणा आल्या. थोड्या वेळानं निळ्या झाल्या. त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही. मी अजून बघते.